आजी पीठ तपासते तेव्हा: तयार इडली-डोसा पिठाची साठ सेकंदांची गोष्ट कशी लिहावी

तयार इडली-डोसा पिठाच्या जाहिरातीत आजी हमखास असते. नऊवारी, चष्मा, मागे चूल, आणि शेवटी "अगदी आजीच्या हातची चव". जाहिरात संपली की पाकीट कोणाचं होतं ते आठवत नाही. आजीला तिथे बसून हसण्यापलीकडे काही कामच दिलेलं नसतं. पिठाच्या जागी लोणच्याची बरणी ठेवली तरी ती जाहिरात जशीच्या तशी चालली असती.

गोष्टरूप जाहिरात लिहिताना खरं काम असतं ते आजीच्या पाककृतीतली एकच कृती निवडण्याचं. ती कृती पिठाचीच हवी, डोळ्यांना दिसणारी हवी आणि कारखान्यातल्या पिठालाही खरी ठरणारी हवी. ती सापडली की गोष्ट आपोआप तिच्याभोवती जमते. ते कसं, हे एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातला एक छोटा उद्योग आहे. अर्ध्या आणि एक किलोच्या पाकिटांत पीठ विकतो. पाककृती घरातल्या आजीची. मोबाइलवर फिरेल अशी साठ सेकंदांची फिल्म हवी आहे.

आधी पाककृती तास मोजून लिहा

कोकणातल्या आजीच्या तोंडी पहिलाच अडथळा येतो. तिच्या न्याहारीत इडली मागाहून आली. तिचा हात बसलेला आहे तो घावनावर आणि आंबोळीवर. घावन बिनआंबवलेलं, म्हणून ते इथे उपयोगाचं नाही. आंबोळी मात्र डोशाची सख्खी बहीण. तांदूळ, उडीद, थोडी मेथी, रात्रभर आंबवणं, सगळं तेच. म्हणून या किनाऱ्यावरच्या जाहिरातीत आजीला "माझ्या लहानपणीची इडली" म्हणायला लावू नका. मालवणी घरात ते लगेच खटकतं. तिला आंबोळीच्या वाटेने या पिठाकडे येऊ द्या.

आता तिच्याकडून पाककृती घ्या, पण "काय काय घालता" एवढंच विचारून थांबू नका. प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो आणि ती जमली हे तिला कशावरून कळतं, हे विचारा. साधारण असं हाती येतं: तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथी. पाच-सहा तास भिजत. मग रोवळीत निथळून वाटण. वाटायला पाऊण-एक तास. उडीद वेगळा, हलका होईपर्यंत. दोन्ही एकत्र करून आठ ते दहा तास झाकून ठेवायचं, थंडीत त्याहून जास्त. बेरीज केली तर चौदा ते सतरा तास होतात. हा आकडा लक्षात ठेवा, गोष्ट याच आकड्यातून निघणार आहे.

"कशावरून कळतं" या प्रश्नाची उत्तरं जास्त मोलाची. पीठ वर आलं की आंबट-गोडसर वास सुटतो, कडेला जाळी दिसते, पळी फिरवली की पीठ फसफसतं. आणि एक जुनी खूण: वाडगाभर पाण्यात थेंबभर पीठ सोडलं की ते तरंगतं. आंबताना तयार झालेला वायू उडदाच्या चिकटपणात अडकून राहतो, त्यामुळे पीठ पाण्यापेक्षा हलकं होतं. वायू नसेल तर थेंब सरळ तळाला जाऊन बसतो.

निवडायची कृती हीच. वास पडद्यावर येत नाही, फसफस ऐकू येईलच असं नाही. पण पाण्यात पडलेला थेंब वर येतो की नाही, हे तीन इंचांच्या पडद्यावरही कळतं. शिवाय बघणाराही दोन सेकंद श्वास रोखतो.

कारखान्यात जाऊन विचारायचं

कथा लिहायला बसण्यापूर्वी पीठ कुठे, कसं आंबतं ते स्वतः पाहा. काही ठिकाणी पीठ मोठ्या पातेल्यांत रात्रभर आंबवून मग थंड करून भरतात. काही ठिकाणी वाटल्यावर थोडंसंच आंबू देतात आणि पाकिटात भरून शीतगृहात टाकतात. उरलेलं आंबणं वाटेत आणि दुकानात हळूहळू होतं. दोन्ही पद्धती रीतसर आहेत. पण दुसऱ्या पद्धतीच्या पिठावर "रात्रभर आंबवलेलं" असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल. सोडा किंवा दुसरं काही घालतात का, तेही घटकांची यादी हातात घेऊन विचारा.

आजीच्या प्रमाणात कारखान्याने बदल केला असेल, आणि बहुधा केलेलाच असतो. एकाच पिठाची इडलीही व्हायला हवी, म्हणून उकड्या तांदळाचं प्रमाण वाढवलेलं असतं, मेथी कमी-जास्त झालेली असते. मग "आजीची पाककृती" म्हणजे नेमकं काय उरलं, हे एका वाक्यात लिहून काढा. आपल्या उदाहरणात उत्तर असं धरू: घटक तेच, उडीद वेगळा वाटण्याची रीत तीच, आणि प्रत्येक घाणा भरण्यापूर्वी थेंब पाण्यात सोडून पाहण्याची आजीची सवय कारखान्यातही चालू आहे. हे शेवटचं नसेल तर उद्योजकाला ते सुरू करायला सांगा. त्याला वाडगाभर पाणी लागतं, आणि त्याने जाहिरात खरी होते.

अडचण पाककृतीतूनच काढा

गोष्टीला कोणाची तरी निकड हवी आणि तिच्या आड काहीतरी यायला हवं. कोकणात लिहायला बसलं की पहिल्यांदा सुचतं ते हे: पावसात लाईट गेली, मिक्सर बंद, आजी हताश, सुनेने पाकीट काढलं. दिसायला छान आहे. पण लाईट गेली तर फ्रिजही बंद. पाकीट जिथून आणलं त्या दुकानाचाही बंद. जे पीठ थंड ठेवायलाच हवं, त्याची जाहिरात वीज गेल्याच्या गोष्टीवर उभी केली की ग्राहकाच्या मनात नेमकी नको ती शंका येते. हा मसुदा टाकून द्यायचा.

दुसरा मसुदा म्हणजे आजी गेली, फोटोला हार, नातीला चव आठवते. हाही टाकायचा. रडू येतं, पण त्या रडण्याचा पिठाशी संबंध नाही आणि तपासायला आजीच उरत नाही.

मघाचा आकडा आता काढा. पिठाला चौदा तास लागतात. कोकणकन्या एक्सप्रेस मुंबईहून रात्री उशिरा सुटते आणि सकाळी कुडाळला पोचते, म्हणजे साधारण नऊ तास. नातवाने गाडीत बसल्यावर फोन करून "आंबोळ्या कर" म्हटलं, तर आजीजवळ पाच तास कमी आहेत. ती कितीही कष्टाळू असली तरी हे तास कुठून आणणार? अडचण खरी आहे, कोणी चुकलेलं नाही, सून आळशी ठरत नाही, आजी थकलेली ठरत नाही. तयार पीठ नेमकं काय विकतं, तर हेच गेलेले तास. ते समजावून सांगायला वेगळं निवेदन लागत नाही.

पूर्ण संहिता

दृश्य १ (१२ सेकंद). रात्र. कौलांवर पाऊस. आजी पलंगाच्या कडेला, हातात फोन, स्पीकर चालू, मागे फलाटाचा गलबला.
नातू: "आजी, गाडीत बसलो! सकाळी पोचतो. आंबोळ्या कर हां!" फोन बंद.
आजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. अकरा वाजून गेलेत.
आजी: "आदी सांगूक होया होता. आता तांदूळ भिजतले कधी नि पीठ येतला कधी?"

दृश्य २ (१० सेकंद). स्वयंपाकघर. सून फ्रिज उघडून पाकीट पुढे करते.
सून: "आई, ह्यां पीठ आसा."
आजी पाकीट उलटसुलट करते, चष्मा सावरून तारीख वाचते.
आजी: "सकाळी बघूया."

दृश्य ३ (१६ सेकंद). पहाट. ओट्यावर पाण्याचा वाडगा. आजी चमच्याच्या टोकावरून पिठाचा थेंब पाण्यात सोडते. थेंब बुडतो. पावसाशिवाय कसलाही आवाज नाही. थेंब वर येतो आणि तरंगत राहतो.
आजी: "तरंगला."

दृश्य ४ (१४ सेकंद). बिडाचा तवा. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरतो. पळीभर पीठ, जाळी पडते. दारात भिजलेला नातू, खांद्याला पिशवी. पुढच्या क्षणी तो खातो आहे.
नातू: "आजी, वाटलंस कधी?"
आजी: "मी वाटूक नाय. बघून घेतलंय."

दृश्य ५ (८ सेकंद). वाडगा, तरंगता थेंब, बाजूला पाकीट.
निवेदन: "तांदूळ, उडीद, मेथी, मीठ. पाण्यात सोडून बघा." मग ब्रँडचं नाव.

साठ सेकंदांत सगळे मिळून पन्नास शब्दही बोललेले नाहीत. निवेदकाला मिनिटाला सव्वाशे शब्द सहज म्हणता येतात, म्हणून तेवढे भरायचा मोह होतो. तिथेच बहुतेक संहिता बिघडतात. तिसऱ्या दृश्यातल्या सोळा सेकंदांत एकच शब्द आहे, आणि कापाकापी करायची वेळ आली तर ते दृश्य सर्वांत शेवटी कापायचं.

पाकीट बाराव्या सेकंदाच्या पुढे येतं. उद्योजक म्हणेल, पहिल्या तीन सेकंदांत पाकीट दिसू दे. त्याला सांगायचं की पहिल्या तीन सेकंदांत फोन आणि घड्याळ आहे, कारण ती घाई पाहिल्याशिवाय पाकिटाची कोणाला गरजच वाटणार नाही. हवं तर ब्रँडचं चिन्ह कोपऱ्यात सुरुवातीपासून ठेवा.

सगळ्यात जपायचं वाक्य आजीचं शेवटचं. नातवाला फसवून, डोळा मारून "रात्रभर जागून वाटलंय" असं तिला म्हणायला लावणाऱ्या जाहिराती होतात. त्यात लोक हसतात, पण पाकीट ही लपवायची गोष्ट होते आणि आजी खोटारडी. इथे ती खरं सांगते, आणि तिचा अधिकार वाटण्यात नसून पारखण्यात आहे हे त्या पाच शब्दांत येतं.

थेंबाचं चित्रण

जाहिरात या थेंबावर उभी आहे, म्हणून तो खोटा करता येणार नाही. सोडा मारलेलं पीठ, फेटलेलं पीठ किंवा नुसता वाटलेला उडीद वापरू नका. नुसता उडीद चांगला फेटला की आंबण्यापूर्वीही तरंगतो, कारण त्यात हवा भरलेली असते. तो वड्याच्या पिठाची परीक्षा आहे, याची नव्हे. दुकानातून उचललेलं, तांदूळ-उडीद एकत्र असलेलं पीठच घ्या.

चित्रणाच्या आधी तीन तारखांची पाकिटं आणून ठेवा: भरल्याच्या दुसऱ्या दिवशीचं, मधलं आणि मुदत संपायला एक दिवस उरलेलं. प्रत्येकाचे पाच-पाच थेंब सोडून पाहा आणि किती तरंगले ते लिहून ठेवा. फ्रिजमधून नुकतंच काढलेलं पीठ घट्ट आणि सुस्त असतं, ते बुडू शकतं. अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवल्यावर तेच तरंगतं. संहितेत रात्री पाकीट दिसतं आणि थेंब पहाटे सोडला जातो, म्हणून आजी पाकीट रात्रभर ओट्यावर विसरली असं दिसता कामा नये. दुसऱ्या दृश्याच्या शेवटी ते फ्रिजमध्ये परत जाताना आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला बाहेर येताना दिसायला हवं. दोन छोटी चित्रं पुरतात.

बुडणाऱ्या थेंबाची कारणं चार असतात. पीठ फार थंड आहे. कोणीतरी पळीने खसाखसा ढवळून वायू घालवलाय. डोशासाठी पाणी घालून सैल केल्यावर परीक्षा घेतली आहे. किंवा पीठ जुनं होऊन बसलंय: वर पाणी सुटलेलं, वास तीव्र आंबट. पहिली तीन हाताळणीची, चौथं मालाचं. मुदतीच्या शेवटच्या पाकिटाचे पाचपैकी तीन थेंब बुडत असतील तर जाहिरात थांबवा आणि मुदत एक-दोन दिवसांनी कमी करायला सांगा. "पाण्यात सोडून बघा" म्हटलं की लोक खरोखर बघणार. म्हणून पाकिटाच्या मागे दोन ओळी छापायला लावा: पीठ थोडा वेळ बाहेर ठेवा, आणि खालून वर अलगद हलवा.

चित्रणासाठी काचेचा किंवा पितळेचा उथळ वाडगा घ्या. स्टीलमध्ये दिव्याची तिरीप येते आणि पांढरा थेंब हरवतो. पाण्याखालून गडद रंग दिसला की थेंब उठून दिसतो. कॅमेरा पाण्याच्या पातळीला, कडेने ठेवा. वरून घेतलं तर बुडणं आणि वर येणं कळतच नाही. तव्याच्या दृश्यात जाळी हवी असेल तर पीठ पातळ पसरवू नका. जाड ठेवा, झाकण घाला, आच मध्यम. तवा फार तापला असेल तर पीठ टाकताच आवळतं आणि जाळीऐवजी गुळगुळीत पापुद्रा दिसतो.

कोणते शब्द टाळायचे

अन्नपदार्थांच्या जाहिरातीतल्या दाव्यांसाठी देशात २०१८ चे विनियम आहेत, आणि आजीच्या गोष्टीत हमखास येणारे तीन शब्द त्यात अडकतात. "ताजं" हा शब्द धुणं, सोलणं, कापणं, थंड करणं अशा किरकोळ प्रक्रियेपलीकडे काही न झालेल्या पदार्थासाठी आहे. वाटून आंबवलेल्या पिठाला तो लावता येत नाही. "घरगुती", "घरी केलेलं" असे ग्राहकाचा गैरसमज करून देणारे शब्द वापरायचे नाहीत, आणि पीठ तर कारखान्यात झालंय. "पारंपरिक" म्हणायचं असेल तर ती कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्याचं दाखवता यायला हवं. वरच्या संहितेत हे तिन्ही शब्द नाहीत, आणि त्यांची उणीवही भासत नाही. आजी तारीख वाचते, तेव्हा ताजेपणाचं काम झालेलं असतं.

पडद्यावर खुलासा टाकावा लागला, उदाहरणार्थ "फ्रिजमध्ये ठेवावे", तर तो दाव्याच्याच भाषेत हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं सांगितलं आहे. मराठी फिल्मच्या तळाशी बारीक इंग्रजी ओळ चालणार नाही. निवेदनातले चार घटक म्हणतानाही पाकिटावरची यादी शेजारी ठेवा. यादीत पाचवा घटक असेल तर निवेदनात तोही घ्या, नाहीतर यादीचं वाक्यच काढा.

मालवणी किती

आजी आणि सून मालवणी बोलतात, नातू मुंबईचं मराठी. घरोघरी असंच असतं, म्हणून ते तसंच ठेवा. पण मालवणीतलं एकेक वाक्य बाहेरच्या माणसालाही दृश्यावरून कळायला हवं. "तरंगला" कळतंच. "आदी सांगूक होया होता" आजीच्या चेहऱ्यावरून कळतं. ज्या वाक्याला खाली प्रमाण मराठीतली ओळ द्यावीच लागते, ते वाक्य बदला. रत्नागिरीच्या वरच्या बाजूला हीच फिल्म दाखवायची असेल तर संवाद तिथल्या बोलीत पुन्हा ध्वनिमुद्रित करा. मालवणी तशीच तिकडे नेऊ नका.

तीस सेकंदांची आवृत्ती मागितली जाईलच. त्यात सूनेचं दृश्य आणि नातवाचं खाणं जातं. फोन, घड्याळ, थेंब, "तरंगला", पाकीट, एवढं राहतं. दहा सेकंदांच्या आवृत्तीत फक्त थेंब.

संहिता पक्की करण्यापूर्वी ती आंबोळ्या करणाऱ्या दोन-तीन बायकांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि "आवडली का" असं विचारू नका. त्या कुठे अडवतात ते बघा. "इतक्या पावसात पीठ सकाळी एवढं हलकं कुठलं?" असं कोणी म्हटलं तर ते वाक्य कागदावर उतरवून कारखान्यात घेऊन जा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत चित्रणाची तारीख ठरवू नका.